इन्शुलिन लपवायचं की पैसे दाखवायचे?

"ताई, मी साताऱ्याजवळच्या हायस्कूलमधून निवृत्त झालेला शिक्षक, वय ६८. हिचं ६४. लेक ओहायोत असते, आता तिकडची नागरिक आहे. तिने आम्हा दोघांसाठी केलेले ग्रीन कार्डचे अर्ज मंजूर झालेत, मुंबईची मुलाखत बाकी आहे. हिला चौदा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या आणि रात्री इन्शुलिन. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मला फक्त बीपी. पेन्शन महिना ३८ हजार, दोघांच्या नावावर २८ लाखांच्या ठेवी, ४५ लाखांचा फ्लॅट माझ्या नावावर, आणि थोडी वडिलार्जित जमीन. लेकीला वर्षाला ४४ हजार डॉलर पगार. जावयांनी नोकरी सोडून दुकान काढलंय, गेल्या वर्षी त्यात साडेबारा हजार सुटले. दोन नातवंडं आहेत. भाचा म्हणतो, आता मधुमेहवाल्यांना 'सरकारवर ओझं' म्हणून नाकारतात, इन्शुलिनचं बोलूच नका. एजंट म्हणतो, इकडची मालमत्ता तिकडे मोजत नाहीत. खरं काय धरायचं?"

सर, आधी भाच्याचं निकालात काढू. इन्शुलिन लपवायचं नाही, आणि हे मी नीतिपाठ म्हणून सांगत नाही. आजार हे नकाराचं कारण झालंच, तर त्यावर पुरावा देऊन उत्तर देता येतं. खोटं बोलल्याचा शिक्का बसला, तर तो जन्मभराचा असतो. त्यात माफी मागायची सोय आहे, पण ती माफी अर्जदाराच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा आईवडिलांच्या हालअपेष्टांवर मिळते, मुलांच्या नाही. म्हणजे ज्या लेकीसाठी हा सगळा खटाटोप चाललाय, तिच्या नावाने बाईंना माफीसुद्धा मागता येणार नाही. शिवाय तपासणी करणारा डॉक्टर तुमच्या ओळखीचा नसतो, वकिलातीने नेमलेला असतो. तो औषधं विचारतो, जुने कागद मागतो आणि पोटावरच्या इन्शुलिनच्या खुणाही त्याला दिसतात.

आता 'ओझं' म्हणजे काय ते बघू. अमेरिकेच्या कायद्यात याला पब्लिक चार्ज म्हणतात. शब्द जुना आहे, १८८२ च्या कायद्यातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर उतरलेल्या कितीतरी पंजाबी मजुरांना याच कलमावर बोट ठेवून परत पाठवलं होतं. आज त्याचा रूढ अर्थ असा, की हा माणूस तिकडे गेल्यावर पोटापाण्यासाठी मुख्यतः सरकारी रोख मदतीवर जगेल, किंवा सरकारच्या खर्चाने कायमचा एखाद्या शुश्रूषागृहात पडून राहील, अशी शक्यता आहे का. अधिकाऱ्याने वय, प्रकृती, कुटुंब, पैसाअडका आणि शिक्षण-कौशल्य, एवढ्या गोष्टी किमान पाहायच्याच, असं कायदा सांगतो. त्यांना गुण किती द्यायचे हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. सगळं एकत्र वाचून अंदाज बांधायचा असतो, आणि त्या अंदाजात अधिकाऱ्याचा स्वतःचा कल येतोच.

भाच्याच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना सूचना पाठवली, की हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे आणि मेंदूचे विकार अशा दीर्घकाळ खर्चात टाकणाऱ्या आजारांकडे जास्त काटेकोरपणे पाहा, आणि सरकारी मदतीशिवाय हा खर्च आयुष्यभर पेलण्याइतका पैसा अर्जदाराकडे आहे का ते विचारा. त्यामुळे मधुमेहाकडे पूर्वीपेक्षा बारकाईने बघतात हे खरं. पण सूचनेतला पैशांचा भाग नीट वाचा. प्रश्न आजार आहे का एवढाच नाही, त्याचं बिल कोण भरणार हा आहे.

इथे बरेच जण दोन गोष्टींची गल्लत करतात. आजारपणावरून प्रवेश नाकारण्याचं एक स्वतंत्र कलम आहे, आणि ते क्षयरोगासारखे संसर्ग, न घेतलेल्या लसी, अमली पदार्थ, स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असे मानसिक विकार यांच्यासाठी आहे. मधुमेह त्यात बसत नाही. तपासणीचा डॉक्टर मधुमेहाची नोंद दुसऱ्या वर्गात करतो, म्हणजे 'संसर्ग नाही, पण प्रकृती सर्वसाधारण नाही'. डॉक्टर व्हिसा नाकारत नाही. त्याची नोंद अधिकाऱ्याकडे जाते, आणि अधिकारी ती तुमच्या पैशांच्या कागदांशेजारी ठेवून वाचतो. म्हणून आता पैशांकडे वळू, कारण माझ्या मते तुमची फाइल अडली तर मधुमेहापाशी नाही, लेकीने भरलेल्या कागदापाशी अडेल.

हा कागद म्हणजे I-864, लेकीने दिलेलं पोषणाचं हमीपत्र. तिचं उत्पन्न अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावं लागतं. हमीपत्र अपुरं असेल तर नकार ठरलेला, मग तब्येत पैलवानाची असली तरी. ते पुरेसं असेल तर दार उघडतं, पण आत सोडायचं की नाही हे बाकीचं सगळं पाहून ठरतं. दारिद्र्यरेषा माणसांच्या संख्येवर असते. तुमच्याकडे माणसं किती? लेक, जावई, दोन मुलं आणि तुम्ही दोघं, म्हणजे सहा. तुमचे दोघांचे अर्ज वेगळे आहेत, हमीपत्रंही वेगळी होतील, तरी दोन्ही कागदांवर सहाच धरा. कमी धरून नंतर आकडा तोकडा पडण्यापेक्षा हे बरं. २०२५ च्या कोष्टकात सहा माणसांसाठी दारिद्र्यरेषा ४३,१५० डॉलर होती, तिची सव्वापट ५३,९३७. हे आकडे दरवर्षी जानेवारीत बदलतात आणि I-864P या पानावर छापलेले असतात. मुलाखतीआधी लेकीला ते पान पुन्हा बघायला सांगा.

लेकीचे ४४ हजार आणि जावयांचे साडेबारा हजार मिळून ५६,५०० होतात, म्हणजे आपण पास, असं तुमच्या घरी सगळ्यांनी धरलेलं दिसतंय. नवराबायकोने आयकराचं विवरणपत्र एकत्र भरलं की त्यावर बेरीज छापलेली असते, आणि फसगत तिथेच होते. हमीपत्रावर मोजलं जातं ते हमी देणाऱ्याचं एकटीचं उत्पन्न. जावयांचं मोजायचं असेल तर त्यांना I-864A या वेगळ्या कागदावर सही करून 'माझंही उत्पन्न यासाठी बांधील' असं लिहून द्यावं लागतं. ती सही नसेल तर अधिकाऱ्यापुढे ४४ हजारच उरतात, आणि ९,९३७ डॉलरची तूट दिसते. पत्रात तुम्ही या कागदाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो झाला नसावा असं मी धरते. आजच लेकीला फोन करा.

जावयांना सही करायला सांगताना त्यांनी काय पत्करलंय हेही त्यांना कळू द्या. तुम्ही तिकडे विशिष्ट सरकारी मदत घेतलीत तर ते पैसे त्यांच्याकडून वसूल होऊ शकतात. ही बांधिलकी तुम्ही नागरिक होईपर्यंत, तिकडच्या नोंदीनुसार चाळीस तिमाह्यांचं काम तुमच्या खात्यावर जमेपर्यंत, किंवा तुम्ही तो देश कायमचा सोडेपर्यंत चालते. माणूस गेला तर अर्थातच संपते. घटस्फोटाने मात्र सुटत नाही. जावई आहेत, म्हणून संकोचाने सांगायचं टाळू नका. असल्या गोष्टी आधी बोललेल्याच बऱ्या.

दुकानाबद्दल अजून एक. मोजायची ती विक्री नाही, सगळे खर्च वजा जाऊन विवरणपत्रावर उरलेला नफा. नवा धंदा करणारा माणूस कर वाचवायला खर्च भरपूर दाखवतो, आणि मग तोच कागद वकिलातीत पुढे ठेवायची वेळ येते. साडेबारा हजार हा विवरणपत्रावरचा आकडा आहे की गल्ल्यातला, ते विचारून घ्या. समजा कागदावर आठच हजार निघाले. मग बेरीज ५२ हजार, आणि तूट १,९३७ डॉलर.

आता तुमचा एजंट. मालमत्ता मोजत नाहीत हे चूक आहे. अर्जदाराची भारतातली मालमत्तासुद्धा चालते, फक्त त्याला दोन चाळण्या आहेत. पहिली, ती वर्षभरात फारसं नुकसान न सोसता रोखीत आणून अमेरिकेत नेता यायला हवी. दुसरी, आईवडिलांच्या अर्जात तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला तिप्पटच पुरते, आपल्याला पाचपट.

वरचीच तूट घ्या. १,९३७ ची पाचपट ९,६८५ डॉलर. डॉलर नव्वद रुपयांना धरला तर पावणेनऊ लाखांच्या आत. तुमच्या २८ लाखांच्या ठेवी ही खिंड आरामात भरून काढतात, आणि त्या दोघांच्या नावावर आहेत हे फार चांगलं झालं, कारण त्या बाईंच्या अर्जालाही लावता येतात. पण जावयांची सही नसेल तर? तूट ९,९३७, पाचपट ४९,६८५ डॉलर, म्हणजे पावणेपंचेचाळीस लाख रुपये. ठेवी पुरत नाहीत, फ्लॅट घ्यावा लागतो. तो तुमच्या एकट्याच्या नावावर. तुमचा अर्ज त्यावर तरून जाईल, बाईंचा नाही, कारण त्यांचा अर्ज स्वतंत्र आहे आणि त्यात त्यांच्या नावावरची मालमत्ता बघतात. एकाच घरातले दोघे, एकाच दिवशी मुलाखत, आणि एकाला व्हिसा, दुसऱ्याला थांबा, असं होऊ शकतं. तेही जिला मधुमेह आहे तिलाच थांबा. मग भाचा म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं?

फ्लॅट दाखवायचाच झाला तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि कर्ज नसल्याचा कागद, एवढं लागतं. जमिनीच्या फार मागे लागू नका. वडिलार्जित म्हणताय म्हणजे सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं असणार, वाटप झालेलं नसणार. असली सामाईक जमीन वर्षभरात विकून पैसे तिकडे नेऊ, यावर साताऱ्यातला माणूस विश्वास ठेवणार नाही, मुंबईत बसलेला परदेशी अधिकारी कशाला ठेवेल? उतारा फाइलमध्ये असू द्या, पण आकड्यात धरू नका. ठेवींचे कागद मात्र नीट हवेत. नुसतं आजची शिल्लक सांगणारं बँकेचं पत्र नेऊ नका, बारा महिन्यांचा उताराही जोडा. मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी अचानक जमा झालेले दहा लाख लगेच डोळ्यांत भरतात, आणि मग ते कुणी दिले याचीच चर्चा सुरू होते.

पेन्शन हमीपत्राच्या उत्पन्नाच्या रकान्यात बसणार नाही, कारण तुम्ही आज लेकीच्या घरी राहत नाही. तरी पेन्शनचा आदेश आणि वर्षभराच्या नोंदी बरोबर न्या. अधिकारी एकूण चित्र बघतो तेव्हा मरेपर्यंत येत राहणारे ३८ हजार रुपये, आणि पुढे बाईंना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, याला वजन आहे. ६८ व्या वर्षी तुम्ही तिकडे नोकरी करणार नाही हे त्यालाही कळतं. वय तुमच्या विरोधात जातं ते 'कमावणार नाही' म्हणून, आणि त्याला उत्तर 'कमवायची गरज नाही' हे आहे. शिक्षण-कौशल्याच्या रकान्यावर म्हणूनच वेळ घालवत नाही.

एवढं झाल्यावर राहतो तो बिलाचा प्रश्न, आणि याची तयारी जवळजवळ कुणी करत नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना खिडकीवर विचारलं, "तिकडे आजारी पडलात तर?" त्या म्हणाल्या, "मुलगा बघेल." उत्तर खरं होतं, आपल्या समाजात पुरेसंही आहे. पण अधिकाऱ्याने फाइल बाजूला ठेवली आणि आणखी कागद मागितले. पुढे चार महिने गेले.

तुम्ही असं करा. बाईंच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक पानी पत्र घ्या. मधुमेह कधीपासून, औषधं कोणती आणि किती, गेल्या वर्षभरातले तीन महिन्यांच्या साखरेचे आकडे, डोळे-मूत्रपिंड-पाय यांची तपासणी कधी झाली आणि काय निघालं, गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं आणि आज त्या जिना चढतात का, स्वतःची कामं स्वतः करतात का. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. अधिकाऱ्याला भीती गोळ्यांच्या खर्चाची नसते, अंथरुणाला खिळून वर्षानुवर्षं शुश्रूषागृहात राहण्याच्या खर्चाची असते. आटोक्यात असलेला मधुमेह आणि मूत्रपिंडावर गेलेला मधुमेह, या दोन अगदी वेगळ्या फाइली आहेत. तो डॉक्टर नाही. हा फरक कागदावर नसेल तर त्याला तो कळणार नाही.

दुसरा कागद लेकीने तिकडून पाठवायचा, आरोग्य विम्याचा. ग्रीन कार्ड घेऊन गेलेल्या माणसाला पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मेडिकेअर, विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं तिकडे राहावं लागतं. गरिबांच्या सरकारी विम्यालाही बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. मधल्या काळात सरकारमान्य बाजारातून खासगी विमा घेता येतो, आणि जुना आजार आहे म्हणून ती कंपनी नकार देऊ शकत नाही की त्यासाठी जास्त हप्ता लावू शकत नाही. वयाप्रमाणे मात्र हप्ता चढतो, तरुण माणसाच्या तिपटीपर्यंत. पोचल्यापासून साठ दिवसांत तो घ्यायचा असतो. लेकीला तिच्या गावचा पिनकोड आणि तुमची दोघांची वयं घालून हप्त्याचा अंदाज काढू द्या आणि छापून पाठवू द्या. मग विचारलं तर उत्तर तयार असतं: विमा हा, महिन्याचा हप्ता एवढा, पहिली काही वर्षं ठेवींतून भरणार. इथून आपण पाहुणे म्हणून जाताना काढतो तो प्रवासी विमा या कामाचा नाही. त्यात जुना आजार बहुधा वगळलेला असतो, आणि तो दाखवलात तर उलट तयारी नसल्याचं दिसतं.

हप्त्याचा आकडा बघून तुम्हाला घाम फुटेल, हे आधीच सांगते. दोघांचा मिळून तो तुमच्या पेन्शनपेक्षा सहज जास्त निघू शकतो. तो निघाला की घरी बसून एक हिशेब करा, वकिलातीसाठी नाही, स्वतःसाठी: ठेवी किती वर्षं पुरतील? काही जोडपी या हिशेबानंतर ग्रीन कार्डाऐवजी जाऊन-येऊन राहायचं ठरवतात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण तो निर्णय तुमचा दोघांचा.

आणि नकार आलाच तर? पहिल्या खेपेला बहुतेक वेळा कागद अपुरे म्हणून फाइल थांबवतात आणि काय हवं ते चिठ्ठीवर लिहून देतात. चिठ्ठी नीट वाचा. 'पब्लिक चार्ज' म्हणून नाकारलं तरी एका वर्षाच्या आत नवा पुरावा दिला तर त्याच फीमध्ये फेरविचार होतो. त्यासाठी उत्तम पुरावा म्हणजे दुसरा हमीदार: अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, तिकडेच राहणारा. तो नातेवाईकच हवा असं नाही. पण त्याचं उत्पन्न लेकीच्या उत्पन्नात मिसळत नाहीत, त्याला स्वतःच्या घरची माणसं अधिक तुम्ही दोघं असा पूर्ण आकडा एकट्याने गाठावा लागतो. तीन माणसांच्या घरातला मित्र असेल तर पाच जणांचे ४७,०६२ डॉलर. असा कुणी आहे का हे लेकीने आत्ताच मनात धरून ठेवावं, सही लगेच नको.

अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने पब्लिक चार्जचा २०२२ चा नियम मागे घेण्याचा प्रस्तावही नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडलाय. तो अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे, तुमचं काम परराष्ट्र खात्याच्या वकिलातीत आहे. त्याच्या बातम्या वाचून घाबरू नका, पण मुलाखतीची तारीख आली की वकिलातीच्या सूचना ताज्या बघून घ्या.

पहिलं काम जावयांच्या सहीचं. दुसरं, बाईंच्या गुडघ्याचं डिस्चार्ज कार्ड शोधायचं. ते नेहमी विम्याच्या फाइलमध्ये नसतं, एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात असतं.